लग्नाच्या शेवटच्या आठवड्यात पील किंवा हायड्रा फेशियल करून घ्यावं का? काय कधी करायचं?

प्रश्न: माझं लग्न 9 मे ला आहे, चोपड्याला. साधारण सहा आठवडे राहिलेत. मैत्रिणी म्हणतायत शेवटच्या चार-पाच दिवसात हायड्रा फेशियल आणि पील करून घे, भारी ग्लो येतो. मी आजपर्यंत थ्रेडिंग आणि हातापायाचं वॅक्स सोडून काहीच केलेलं नाही. काय कधी करू?

उत्तर:

ताई, मी जळगाव जिल्ह्यातच एका तालुक्याच्या गावी बारा वर्षं पार्लर चालवतेय, एप्रिल-मे मधे श्वास घ्यायला वेळ नसतो इतक्या नवऱ्या येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पील करू नको. हायड्रा फेशियल करायचंच असेल तर आत्ता एकदा करून बघ, शेवटच्या आठवड्यात पहिल्यांदा अजिबात नाही.

कारण सांगते. सगळ्या जणी हिशोब करतात की ग्लो किती दिवस टिकतो, चार दिवस टिकतो ना मग चार दिवस आधी करू. मी हिशोब उलटा करते. ही गोष्ट बिघडली तर ते दिसायला किती दिवस लागतात आणि भरून यायला किती दिवस लागतात, तेवढे दिवस लग्नाच्या तारखेतून मागे मोजायचे, ती शेवटची तारीख.

हे मी शिकले माझ्याच चुकीतून. पार्लर नवीन होतं, माझ्या मामेबहिणीचं लग्न गुरुवारी होतं मे महिन्यात. सोमवारी ती आली, म्हणे ताई मेकअप गुळगुळीत बसायला पूर्ण चेहऱ्याचं वॅक्स कर. तिने आधी कधी चेहऱ्याचं वॅक्स केलेलं नव्हतं, फक्त दोऱ्याने आयब्रो आणि अप्पर लिप. मी उत्साहात केलं. तिसरी पट्टी ओढली आणि ओठाच्या कोपऱ्याजवळ रुपयाच्या नाण्याएवढी जागा लालबुंद, चकचकीत, ओली. केसाबरोबर वरची कातडीच निघून आली होती. मग विचारलं तेव्हा कळलं की पिंपल्ससाठी डॉक्टरांनी दिलेलं अडापॅलीन जेल ती दोन महिन्यांपासून रोज रात्री लावत होती. अशा जेलमुळे त्वचेचा वरचा मेलेला थर पातळ आणि सैल होतो, आणि वॅक्स फक्त केसाला चिकटत नाही, त्या थरालाही चिकटतं. जेल लावणारीच्या चेहऱ्यावर वॅक्स करायचंच नसतं, करायचं तर निदान आठवडाभर आधी जेल बंद असावं लागतं. मी विचारलंच नव्हतं, चूक पूर्ण माझी.

मंगळवारी तिथून पाणी सुटलं, बुधवारी तपकिरी खपली धरली आणि बुधवारीच हळद. बायका एकेक करून हळद चोळतायत आणि ती बिचारी तोंड वेडंवाकडं करतेय, मामीने बघितलं आणि ओरडली, "माय वं, हाई काय व्हयनं!" गुरुवारी मेकअप मीच केला. लाल डाग असता तर कन्सीलरने झाकला असता, पण खपलीवर बेस बसत नाही गं, तो कडेने फुटतो आणि उलट जास्त उठून दिसतो. सगळे फोटो उजव्या बाजूने काढले. खपली आठव्या दिवशी आपोआप पडली, खाली जो काळपट डाग राहिला तो जायला दिवाळी आली.

आता यातून तारखा बघ. जखम भरली आठवड्यात. डाग राहिला पाच महिने. आपली सावळी-गव्हाळ त्वचा आहे ना, तिला भाजलं, सोललं, चरचरलं की ती तिथे जास्त रंग बनवते, हे डाग जायला महिने लागतात. पण सपाट डाग मेकअपने झाकता येतो, खपली किंवा सूज नाही झाकता येत. म्हणजे हेच जर तीन आठवडे आधी झालं असतं तर लग्नात कोणाला कळलंही नसतं.

दुसरी गोष्ट अजून फसवी आहे. वॅक्सने सोललं ते लगेच दिसलं. ॲलर्जी लगेच दिसत नाही. एखादी वस्तू तुला चालत नसेल तर खाज, लाली, बारीक पुरळ बऱ्याचदा एक ते तीन दिवसांनी येतं. आणि शरीराची एखाद्या वस्तूशी पहिलीच गाठ असेल तर पहिल्या वेळी काहीच होत नाही, दीड-दोन आठवड्यात आतल्या आत शरीर तिला शत्रू ठरवून बसतं आणि पुढच्या वेळी उठून येतं. त्यामुळे "काल लावलं, आज सकाळी काही नाही, म्हणजे चालतं" हे खरं नाही. नवीन वस्तू कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला लावून निदान दोन दिवस, जमलं तर तीन दिवस थांबायचं, आणि त्यातूनही शंभर टक्के खात्री मिळत नाही हे लक्षात ठेव.

पील तर मुळात सोलायलाच असतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापुद्रे सुटायला लागतात आणि आठवडाभर चालतं, म्हणजे पाच तारखेला केलंस तर ऐन हळदीत तोंडाचे पापुद्रे निघतील. वर आपलं जळगाव-चोपड्याचं ऊन, मे मधे 44-45 डिग्री, आणि तू पत्रिका वाटायला, बस्ता फाडायला स्कूटीवर फिरणार. कोवळी झालेली त्वचा त्या उन्हात काळी पडते. पील ज्यांना करायचं त्यांनी हिवाळ्यात, स्किनच्या डॉक्टरांकडे, दोन-तीन सिटिंगचा वेळ ठेवून करावं. तुझ्याकडे तेवढा वेळ नाही, सोडून दे.

मग तुझ्या तारखा अशा धर. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक फेशियल, साधं किंवा हायड्रा, जे हवं ते, पण एकच. हायड्रामधे मशीनने ओढून घाण काढतात आणि बरोबर सौम्य ॲसिड असतं, कोणाकोणाला ओढल्याचे लाल ठिपके पडतात, तुला पडतात का ते तेव्हाच कळेल. त्यानंतर दहा-बारा दिवस चेहऱ्यावर दुसरं काही नवीन लावू नको, नाहीतर पुरळ आलं तर कशामुळे आलं ते कळणार नाही. चाललं तर तेच फेशियल, त्याच कंपनीच्या वस्तूंनी, त्याच बाईच्या हाताने 28-29 एप्रिलला परत कर. ब्लॅकहेड काढायचे ते याच वेळी, कारण दाबलेल्या जागी एखादा पिंपल आला तर बसायला दहा दिवस आहेत. त्यानंतर चेहऱ्याला फक्त तुझं रोजचं फेसवॉश, मॉइश्चरायझर, सनस्क्रीन. "नवरी आहेस, हे फ्री देते" म्हणून कोणी गोल्ड-डायमंड काहीही चोळायला आलं तरी नाही म्हण, मी पार्लरवालीच सांगतेय.

चेहऱ्याचं ब्लीच तू कधी केलेलं नाहीस, तर आता सुरू करू नको. लव दिसते वाटत असेल तर मेकअपवालीला विचार, बहुतेक वेळा ती फोटोत दिसतही नाही.

मेकअपची ट्रायल 15-18 एप्रिलला घे आणि तासाभरात धुवून टाकू नको, चार तास तरी ठेव, खोट्या पापण्यांचा गोंद पण लावून घे. त्या गोंदाने पापण्या सुजलेल्या नवऱ्या मी बघितल्यात, आणि सुजलेल्या पापणीला कुठलाच मेकअप नाही. पुढचे तीन दिवस रोज सकाळी उजेडात चेहरा बघ.

केसांचं थोडक्यात. केस कापणं, रंग, जे असेल ते 20-22 एप्रिलपर्यंत उरकून टाक, रंगाच्या आधी कानामागे टेस्ट. स्मूदनिंग पहिल्यांदा करत असशील तर नकोच, केस इतके सपाट आणि निसरडे होतात की अंबाडा बसत नाही, गजरा घसरतो, मग पिनांचा डोंगर लावावा लागतो.

वॅक्स तुला सवयीचं आहे म्हणून ते शेवटी चालेल, पण तिथेही क्रम महत्त्वाचा. केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले पाहिजेत, त्याहून आखूड असले की पट्टीत तुटतात आणि दोन आठवड्यांनी आत वळून टोचतात. म्हणून एक वॅक्स 12 एप्रिलच्या आसपास, पुढचं 5 मे ला, मधे रेझर लावू नको. 5 मेच का, तर वॅक्सनंतर एक-दोन दिवस केसांच्या मुळाशी बारीक पुरळ येतं, आपल्या घामाच्या दिवसात जास्तच, ते बसायला वेळ हवा. आणि मेंदी 7 ला असेल तर वॅक्स, मॅनिक्युअर, पेडिक्युअर सगळं तिच्या आधीच पाहिजे, मेंदीनंतर वॅक्स केलं की पट्टीबरोबर रंग पण जातो. मेंदीचा रंग एक-दोन दिवसात गडद होतो, म्हणजे 9 ला बरोब्बर. थ्रेडिंग 6 ला, तुझ्या नेहमीच्या बाईकडे.

मेंदीचा कोन ओळखीच्या बाईचा घे. खरी मेंदी आधी केशरी आणि मग तपकिरी-लाल होते. अर्ध्या तासात काळीभोर होणाऱ्या कोनात बऱ्याचदा केसांच्या डायचंच केमिकल असतं, त्याने हातावर डिझाईनच्या आकाराचे फोड येतात.

हळदीत एकच काळजी घे, लिंबू घालू देऊ नको. आपल्याकडे घरची आजी हमखास म्हणते, रंग उजळेल, पिळा थोडं. लिंबाचा रस अंगावर आणि वर कडक ऊन, की दोन दिवसात लाल आणि मग तपकिरी ओघळ उमटतात, ते आठवडे जात नाहीत. हळद, बेसन, दूध किंवा साय बस. चेहऱ्यावर बोटभर लावा म्हणावं, चोळू नका. रात्री हळद काढताना स्क्रबने घासू नको, खोबरेल तेल लावून ओल्या मऊ कापडाने पुस, थोडा पिवळेपणा राहिला तरी फाउंडेशनखाली जातो.

एवढं करूनही काही उठलंच तर गार पाण्याची पट्टी आणि साधं व्हॅसलीन. टूथपेस्ट, लिंबू, मेडिकलवाल्याने दिलेली "गोरं करणारी" ट्यूब यातलं काही नाही, त्या ट्यूबमधे बऱ्याचदा स्टेरॉईड असतं, लावलं तोवर छान आणि बंद केलं की दुप्पट उठतं. स्किनच्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखव. डोळे-ओठ सुजले किंवा श्वास जड वाटला तर पार्लरला फोन करत बसू नको, सरळ दवाखान्यात.

आणि हो, नवरदेवालाही सांग. आमच्याकडे प्रत्येक सीझनला एक तरी येतो, लग्नाच्या आदल्या रात्री सलूनमधे पहिल्यांदाच दाढीला डाय लावून, वरातीत गाल सुजलेले. डाय करायचा तर 25 एप्रिलच्या आत एकदा, टेस्ट करून. नाहीतर नुसती दाढी कोरून घे म्हणावं.