१२ रीडिंगवर ४ आलं, त्यातल्याच १० वर ३ आलं: खरा पिरियड कोणता?

प्रश्न: कोल्हापुरात डिप्लोमा करतो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मोकळ्या चालणाऱ्या मोटारीवर (प्लेटवर १४४० आरपीएम) व्हायब्रेशन सेन्सर लावून सेकंदाला १०० रीडिंग घेतली. त्यातली १२ अशी: ९, ४, २, ५, ८, ५, १, ६, १०, ३, ३, ४. पिरियॉडिक ऑटोकोरिलेशन केलं तर पिरियड ४ येतो. यातलीच पहिली १० घेतली तर ३ येतो. कोणता धरू आणि असं का होतं?

उत्तर:

४ धरा. ३ हा आकडा तुमच्या मोटारीचा नाही, तो १० रीडिंग घेतल्यामुळे तयार झालाय. कागदावर करून बघितलं की लगेच कळतं, म्हणून आधी १२ चा हिशेब पूर्ण करू.

बारा रीडिंगची बेरीज ६०, सरासरी ५. ती प्रत्येकातून वजा करा:

४, -१, -३, ०, ३, ०, -४, १, ५, -२, -२, -१

ही वजाबाकी बरेच जण टाळतात. टाळली तर इथे प्रत्येक उत्तरात १२ × २५ म्हणजे ३०० ची भर पडते. मग सगळीच उत्तरं दोनशेच्या पुढे जातात आणि खरा उंचवटा त्या ढिगात बुजतो.

आता या ओळीखाली तीच ओळ k घरं सरकवून लिहायची. डावीकडून बाहेर पडलेले आकडे उजवीकडे शेपटाला जोडायचे, वरखालच्या जोड्यांचे गुणाकार करायचे आणि त्यांची बेरीज घ्यायची. k = ४ साठी खालची ओळ ३, ०, -४, १, ५, -२, -२, -१, ४, -१, -३, ० अशी होते. गुणाकार १२, ०, १२, ०, १५, ०, ८, -१, २०, २, ६, ०, बेरीज ७४. न सरकवता, म्हणजे k = ० ला, प्रत्येक आकड्याचा वर्ग येतो आणि बेरीज ८६ होते. बाकीचं मशीनला करू द्या:

```python
import numpy as np
x = np.array([9,4,2,5,8,5,1,6,10,3,3,4])
x = x - x.mean()
print([int(round(x @ np.roll(x, -k))) for k in range(len(x))])
# [86, -8, -70, -2, 74, 1, -76, 1, 74, -2, -70, -8]
```

८६ च्या जवळ फक्त ७४ पोचतो, तोही ४ आणि ८ वर. त्यातला लहान तो पिरियड. मात्र ८ वर पुन्हा ७४ दिसला म्हणून जास्तीचा पुरावा मिळाला असं समजू नका. वर्तुळात चार घरं पुढे जाणं आणि आठ घरं पुढे जाणं यांत जोड्या त्याच असतात, त्यामुळे k आणि १२ - k यांची उत्तरं नेहमी सारखीच. नवी माहिती k = ६ पर्यंतच आहे.

नॉईजचं काय झालं तेही इथेच दिसतं. शून्यावर नॉईज स्वतःशीच गुणला जातो, म्हणून त्याचे वर्ग ८६ मध्ये शिरलेत. चार घरं सरकवल्यावर एका फेरीतला नॉईज दुसऱ्या फेरीतल्या नॉईजशी गुणला जातो. त्यांचा एकमेकांशी संबंध नसल्यामुळे अधिक-उणे होऊन बराचसा कटतो. पडताळायचं असेल तर तीन फेऱ्यांची घरवार सरासरी काढा: ४, -१, -३, ०. हा तुमचा स्वच्छ नमुना. त्याच्या वर्गांची बेरीज २६, तीन फेऱ्यांची ७८. उरलेले ८ म्हणजे नॉईज. आता ०, ४ आणि ८ वरच्या उत्तरांची सरासरी घ्या, (८६ + ७४ + ७४) ÷ ३, तीही ७८ च येते. हा योगायोग नाही, पिरियड रीडिंगच्या संख्येला भागतो तेव्हा हे कायम जुळतं.

आता १० रीडिंग. त्यांची सरासरी ५.३ आहे, पण मी ५ च वजा ठेवतो. त्याने प्रत्येक उत्तर सारखंच, ०.९ ने सरकतं, क्रम बदलत नाही. k = ४ ला पहिल्या सहा जोड्या सरळ आहेत आणि त्यांची बेरीज ३९, अगदी छान. उरलेल्या चार जोड्यांत शेपटाचे -४, १, ५, -२ सुरुवातीच्या ४, -१, -३, ० वर येऊन बसतात. दहामध्ये चारच्या दोन फेऱ्या होऊन अर्धी उरते, त्यामुळे सांध्यावर नमुना अर्ध्या फेरीने चुकतो: उंचवट्यासमोर खड्डा येतो. त्या चार जोड्यांची बेरीज -३२. कमावलेले ३९ तिथे गेले आणि हातात राहिले ७. तीन घरांवर इकडचेतिकडचे मिळून १३ होतात, आणि तुम्हाला तेच सगळ्यात मोठं दिसलं.

हे ३ खोटं आहे हे चार माहीत नसतानाही ओळखता आलं असतं. शून्यावर ८१ असताना १३ म्हणजे जेमतेम १६ टक्के. तुमच्या १२ मध्ये हेच प्रमाण ८६ टक्के होतं.  

म्हणजे वर्तुळाकार पद्धत वापरायची तर रीडिंगमध्ये पूर्ण फेऱ्या बसल्या पाहिजेत, आणि त्यासाठी पिरियड आधीच माहीत हवा. ही अडचण खरी आहे. मी स्वतः पहिल्यांदा न गुंडाळता करतो: शेपूट जोडायचं नाही, जेवढ्या जोड्या सरळ मिळतात तेवढ्याच घ्यायच्या आणि बेरजेला जोड्यांच्या संख्येने भागायचं. तुमच्याच १० रीडिंगवर k = ४ ला ३९ ÷ ६ = ६.५ येतं, k = ३ ला ८ ÷ ७ म्हणजे १.१. शून्यावर ८.१ आहे, तेव्हा वाद मिटला. k मोठा होईल तशा जोड्या कमी होऊन आकडे बेभरवशाचे होतात, म्हणून अर्ध्या लांबीच्या पुढे बघू नये. अंदाज मिळाला की रीडिंग त्याच्या पटीत कापायची आणि मग वर्तुळाकार हिशेब करायचा.

तुमच्या प्लेटवरचं १४४० बघून एक शंका येईल. त्या हिशेबाने सेकंदाला २४ फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ४.१७ रीडिंग. पण १४४० हा पूर्ण लोडवरचा वेग असतो. ५० हर्ट्झवर चार पोलची मोटार मोकळी चालताना १५०० च्या अगदी जवळ असते, म्हणजे सेकंदाला २५ फेरे, आणि तुमचं ४ तिथे बरोबर बसतं. पुढे लोड टाकून मोजाल तेव्हा मात्र १२ रीडिंगवर भागणार नाही, कारण ऑटोकोरिलेशन पूर्ण घरांतच सरकतं आणि ४.१७ ला घर नाही. तेव्हा ५० रीडिंग घ्या. १४४० वर त्यात बरोबर १२ फेरे बसतात, त्यामुळे सांधा जुळतो. उंचवटे ४, ८, मग १२ आणि १३ वर जवळपास सारखे, पुढे १७, २१ आणि २५ वर येतील. सहावा उंचवटा २५ वर, म्हणून २५ ÷ ६ = ४.१७. लोड कमीजास्त झाला तर हा सहावा उंचवटा पसरट होतो. तसं दिसलं तर रीडिंग वाढवू नका, शाफ्टवर फेऱ्यामागे एक पल्स देणारा प्रॉक्सिमिटी सेन्सर बसवा आणि पल्स ते पल्स रीडिंग कापा.