चाकाचं मंदावणं आणि हाताचा टॉर्क

प्रश्न: «मातीच्या गोळ्याला हात लावल्यावर कुंभाराचं चाक किती वेळात मंदावतं ते मोजलं. पण चाक तर नुसतंही मंदावतंच. मग हाताचा टॉर्क वेगळा कसा काढायचा?»

चाक दोनदा मंदावू द्या, एकदा हात न लावता आणि एकदा हात लावून. दोन्ही वेळा वेगाचा पट्टा मात्र तोच धरा, कारण घर्षण वेगाप्रमाणे थोडं बदलतं. मातीचा गोळाही दोन्ही वेळा चाकावर असू द्या.

कळव्याला मामांच्या चाकावर मी हे केलंय. काठावर खडूची रेघ मारली आणि मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचं चित्रण केलं. एक फेरा १२० फ्रेममध्ये झाला की वेग मिनिटाला १२० फेरे, १६० फ्रेम लागल्या की ९०. या दोन फेऱ्यांमधला वेळ तेवढा मोजायचा. नुसत्या चाकाला ४० सेकंद लागले. मामांनी गोळ्याला हात लावल्यावर ८.

वेगातली घट दोन्हीकडे ३.१४ रेडियन प्रति सेकंद. म्हणून कोनीय मंदन पहिल्या वेळी α₁ = ०.०७९, दुसऱ्या वेळी α₂ = ०.३९३. चाक ४० किलोचं, त्रिज्या ४० सेंटिमीटर. सपाट तबकडी धरली तर जडत्व आघूर्ण I = ३.२ किग्रॅ·मी². दोन किलोचा गोळा यात हिशोबातही येत नाही.

τ = I(α₂ − α₁) = ३.२ × ०.३१४ ≈ १ न्यूटन·मीटर

गोळ्याची त्रिज्या ८ सेंटिमीटर होती, म्हणजे दोन्ही हातांचं मिळून घासणारं बल साधारण १२.५ न्यूटन, सव्वा किलोच्या वजनाएवढं. मामा गोळा आत दाबतात ते बल याहून बरंच जास्त असतं, पण ते थेट मध्याकडे जातं, त्याचा टॉर्क शून्य. हात कोरडा पडला की घासणारं बल वाढतं, म्हणून मोजताना पाण्याचा हात तसाच ओला ठेवा.

खरी चूक होते ती I मध्ये. बऱ्याच चाकांचा काठ जाड असतो. सगळं वजन काठावर आहे असं धरलं तर I थेट दुप्पट, ६.४. अंदाज करण्यापेक्षा तपासा: काठावर दोरी गुंडाळा आणि हुकाच्या काट्याने, काटा अर्ध्या किलोवर राहील असं, स्थिर चाक अर्धा फेरा ओढा. साडेतीन सेकंद लागले तर I ३.२ च्या आसपास, पाचाच्या जवळ गेलात तर ६.४ कडे.

आणखी एक. हात खाली दाबतो तेव्हा खुंटीवरचा भार वाढतो, घर्षणही वाढतं, आणि ते हाताच्या खात्यात जमा होतं. मामा मध्य धरताना चांगलाच जोर देतात. दाब दहा किलोच्या आसपास वाटत असेल तर तेवढ्या वाळूची पिशवी बरोब्बर मधोमध ठेवून बिनहाताची चाचणी पुन्हा घ्या. वेळ ४० सेकंदांहून कमी आला, तर α₁ त्या वेळेवरून काढा.