टक्का बघितला, पण खालची ओळ राहिली

"मॅडम, दीड महिना झाला मिनॉक्सिडिल 5% लावतोय, केस थांबायचे सोडून जास्तच गळायला लागलेत. आता 10% वालं घेऊ का? सोबत फिनास्टेराइडची गोळी चालूच आहे."

10% घेऊ नका, हे मी त्याला लगेच सांगून टाकलं. मी फार्मसीत पेशंट काउन्सेलिंग करते आणि माझी एक सवय आहे, आधी बाटली आणि स्ट्रिप टेबलावर ठेवायला सांगते, बाकीचं बोलणं नंतर.

केस गळण्याचं पहिलं बघू, कारण सगळे तिथेच घाबरतात. मिनॉक्सिडिल सुरू केलं की आधीच गळायच्या टप्प्यात आलेले केस थोडे लवकर पडतात आणि त्यांच्या जागी नवीन केसांची वाढ सुरू होते, म्हणून सुरुवातीचे काही आठवडे कंगव्यात जास्त केस दिसतात. फरक जाणवायला साधारण चार महिने तरी द्यावे लागतात. पण टाळू लाल झाली, खूप खाज किंवा आग व्हायला लागली, चट्ट्याचट्ट्याने केस जायला लागले तर ते वेगळं, तेव्हा वाट बघत न बसता डॉक्टरला दाखवायचं.

मग मी विचारलं, बाटली किती दिवस जाते? म्हणाला, वीस दिवस. बाटली 60 मिलीची, म्हणजे रोज 3 मिली! पॅकवर लिहिलेलं असतं की एका वेळी 1 मिली, दिवसातून दोनदा, म्हणजे 60 मिली बरोब्बर महिनाभर पुरायला हवी. त्याने ड्रॉपरवरची 1 मिलीची रेघ कधी बघितलीच नव्हती, "जिथे विरळ आहे तिथे जरा जास्त" असं चाललं होतं. आणि जिना चढताना छातीत धडधडतं हे त्याने जाता जाता सांगितलं, ते त्याला कामाचा ताण वाटत होतं. मिनॉक्सिडिल मुळात बीपीचं औषध, टाळूतून थोडं रक्तात जातंच, त्यामुळे धडधड, चक्कर, हातापायाला सूज, छातीत दुखणं आलं तर थांबवून डॉक्टरला दाखवा ही सूचना पॅकवर उगाच नसते.

आता टक्क्याचं गणित. 5% म्हणजे 100 मिलीत 5 ग्रॅम, म्हणजे 1 मिलीत 50 मिग्रॅ. त्याने मोठ्या अक्षरातला 5% वाचला आणि थांबला. त्याच्याच खाली बारीक अक्षरात फिनास्टेराइड 0.1% होतं. दिसायला अगदी किरकोळ आकडा, पण 1 मिलीत 1 मिग्रॅ. सांगितल्याप्रमाणे 2 मिली लावलं तरी दिवसाला 2 मिग्रॅ टाळूवर, हा तर 3 लावत होता. वर पोटातून गोळी वेगळी. म्हणजे एकच औषध दोन वाटांनी आणि त्याला पत्ताच नाही.

गोळीची स्ट्रिप बघितली तर 5 मिग्रॅची. केसांसाठी लिहितात ती 1 मिग्रॅ, 5 ची प्रोस्टेटसाठी असते. मित्राने सांगितलं होतं स्वस्त पडते, चार तुकडे कर. लाल रेघ आणि प्रिस्क्रिप्शनशिवाय विकू नये हे वाक्य स्ट्रिपवर छापलेलंच होतं, पण हे घेताना डॉक्टर मध्ये कुठेच नव्हता. मी विचारलं तुकडे कोण करतं, कशाने? तर म्हणाला, बायको करते, किचनमधल्या सुरीने, हात चांगला आहे तिचा. आणि मागच्या बाजूला लोशनही तीच लावते, आणि हो, तिला तिसरा महिना चालू आहे.

इथे मी पेन खाली ठेवलं. गरोदर बाईने फिनास्टेराइडची तुटलेली किंवा चुरा झालेली गोळी हाताळायची नाही असं पॅकमधल्या पत्रकात स्पष्ट असतं, कारण ते त्वचेतून शरीरात गेलं तर पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. कोटिंग असलेली आख्खी गोळी हाताला लागली तर तेवढी भीती नसते, पण सुरीने कापली की ते कोटिंग गेलंच ना. लोशनलाही तेच, ओली टाळू, उशीचा अभ्रा, तिचे हात, सगळीकडून स्पर्श.

त्याचा चेहरा उतरला होता. मी सांगितलं, घाबरून काही होत नाही, पण आजच तिच्या गायनॅकला फोन करून नेमकं काय आणि किती दिवस हाताळलं ते सांगा, सुरी आणि ओटा धुवा, अभ्रे बदला, उरलेले तुकडे बंद डबीत ठेवा आणि तिने त्याला हात लावू नये. बाटली आणि गोळी दोन्ही तूर्त बंद, धडधडीसाठी आधी फिजिशियन, मग बाटली आणि स्ट्रिप घेऊन स्किनवाल्याकडे. सेक्सची इच्छा कमी होणं, मूड फार खाली जाणं यातलं काही आहे का हेही विचारलं, कारण फिनास्टेराइडने ते होऊ शकतं आणि पुरुष स्वतःहून बोलत नाहीत. मूड जरा चिडका झालाय म्हणाला, तेही डॉक्टरला सांगायला लावलं. रक्तदान करत असाल तर गोळी बंद केल्यावर किमान महिनाभर थांबा, हे शेवटी.

पुढे ईसीजी नॉर्मल आला आणि स्किनवाल्यांनी त्याला साधं 5% मिनॉक्सिडिल दिलं, फिनास्टेराइड नसलेलं, रोज दोनदा 1 मिली, आणि ते तो आता स्वतःच लावतो.