पाडस, पानशेत आणि माझे वाया गेलेले सहा महिने

प्रश्न: "एमए भाग दोनला आहे, पुण्यात. दुरिताच्या समस्येवर अडीच हजार शब्दांचा पेपर द्यायचाय. सात आक्षेप जमवलेत, प्रत्येकाला उत्तर पण लिहिलंय, तरी मॅडम म्हणतात यात युक्तिवादच दिसत नाही. स्ट्रक्चर कसं करू?"

सात आक्षेप वाचलं आणि पोटात गोळाच आला, कारण माझ्या प्रबंधात सहा होते आणि मला त्याचा अभिमान पण होता. आधीच सांगतो, मी प्राध्यापक वगैरे नाही, एमए करून आता बँकेत चिकटलोय, त्यामुळे तुमच्या मॅडम काही वेगळं म्हणाल्या तर त्यांचं ऐका. पण ही चूक मी स्वतः करून सहा महिने घालवलेत, तेवढ्यापुरतं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

दुरिताची समस्या म्हणजे ईश्वर चांगला आणि सर्वशक्तिमान असेल तर जगात दुःख का, हा प्रश्न. त्यावर लिहिणारे तत्त्वज्ञ मॅकी कोण, प्लँटिंगा कोण हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. मी काय केलं ते सांगतो. युक्तिवाद घेतला विल्यम रो यांचा १९७९ चा, आणि उत्तर दिलं प्लँटिंगांच्या इच्छास्वातंत्र्याचं, म्हणजे दुरित हे स्वतंत्र इच्छेच्या गैरवापरातून आलेलं असू शकतं, हे. प्रकरण छान वाहत होतं, तळटिपा भरपूर, गाईड सरांनी पण वरवर बघून "हं, ठीक" म्हटलं. आता हे का चुकलं ते नीट बघा, कारण माझा अंदाज आहे की तुमच्या सातांपैकी चार आक्षेपांचं हेच झालेलं असणार.

मॅकी १९५५ मध्ये म्हणाले की सर्वशक्तिमान, पूर्णपणे चांगला ईश्वर आणि दुरित ही दोन्ही एकत्र असूच शकत नाहीत, तसं म्हणणं म्हणजे सरळ विसंगती. असा दावा मोडायला 'एकत्र असणं शक्य आहे' एवढं एक चित्र उभं केलं तरी पुरतं, ते खरं आहे हे दाखवावं लागत नाही. प्लँटिंगा तेवढंच करतात. अगदी भूकंप-पुरासारख्या नैसर्गिक दुरितासाठी सुद्धा ते म्हणतात की माणसापलीकडच्या स्वतंत्र इच्छेच्या शक्तींचं ते काम असू शकेल, शक्य तर आहे ना, बास. विसंगतीच्या दाव्याला ते उत्तर चालतं. पण रो विसंगतीचा दावा करतच नाहीत. ते म्हणतात, जगात जे दिसतंय ते पाहता ईश्वर नसावा असं मानायला चांगलं कारण आहे. त्यांना "पण शक्य आहे की..." म्हणून काही उपयोग नाही. परीक्षकांनी माझ्या त्या पानावर पेन्सिलीनं एवढंच लिहिलं होतं: "शक्य आहे. मग?"

आणि हा शेरा मला चार महिन्यांनी दिसला. ज्या ऑफिसातून प्रबंध परत येतो तिथे मला फक्त "सुधारणा आवश्यक" अशी चिठ्ठी मिळाली. काय सुधारू विचारलं तर खिडकीतले काका म्हणाले शेरे गोपनीय असतात, पुढच्या वेळी म्हणाले फाईल वर गेलीय, तिसऱ्या वेळी खिडकीच बंद, जेवणाची सुट्टी, साडेअकराला. मी चार महिने भाषा सुधारत बसलो, 'परंतु'चं 'तथापि' करत. शेवटी एका ओळखीच्या मॅडमनी ती प्रत काढून दिली तेव्हा कळलं की भाषेचा प्रश्नच नव्हता. असो. तुमचा नुसता टर्म पेपर आहे, पण शेरे मागायचेच असतील तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आता स्ट्रक्चर. आधी युक्तिवाद तीन वाक्यांत उभा करा आणि त्यांना आकडे द्या. एक: जगात असं तीव्र दुःख आहे की जे सर्वज्ञ, सर्वशक्तिमान सत्तेला टाळता आलं असतं, आणि ते टाळल्यामुळे कुठलं मोठं चांगलं हातचं गेलं नसतं किंवा तितकंच वाईट दुसरं काही ओढवलं नसतं. दोन: पूर्णपणे चांगली सर्वज्ञ सत्ता असं दुःख टाळतेच. तीन: म्हणून अशी सत्ता नाही. हे झालं की प्रत्येक आक्षेपाच्या बाजूला पेन्सिलीनं लिहा, हा एकवर आहे की दोनवर. ज्याच्यापुढे आकडा लिहिता येत नाही तो आक्षेप नाही, ते मत आहे, काढून टाका. दोनवर फारसं कोणी जात नाही, बहुतेक आस्तिकांना पण ते मान्य असतं. सगळी मारामारी एकवर आहे.

आणि विधान एक टिकवायचं तर उदाहरण नीट निवडावं लागतं, ही माझी त्याच चुकीतली दुसरी चूक. रो यांचं उदाहरण पाडसाचं आहे: दूरच्या रानात वीज पडून वणवा लागतो, हरणाचं पाडस होरपळतं, कित्येक दिवस तडफडून मरतं. मला ते फार परकं वाटलं, म्हटलं आपण पुण्यातले, आपलं काहीतरी द्यावं, म्हणून पानशेत दिलं. १२ जुलै १९६१, आजी नारायण पेठेत होती, तिच्याकडून लहानपणापासून ऐकलेलं, वाड्याच्या भिंतीवर गाळाची रेघ, पाणी ओसरल्यावर हौदात सापडलेली दुसऱ्याच कुणाची तांब्याची घागर, सगळं रंगवून लिहिलं. परीक्षकांचा शेरा: "धरण कुणी बांधलं?" झालं. काम अपुरं असताना धरणात पाणी साठलं होतं, म्हणजे यात माणसांचे निर्णय आले, आणि ते आले की समोरचा लगेच म्हणणार हा माणसाच्या स्वातंत्र्याचा गैरवापर. मग मदतकार्यात लोकांची माणुसकी दिसली, पोरं त्यातून खंबीर झाली, वाचलेले शहाणे झाले, अशी सगळी चांगली फळं पण मोजता येतात. किल्लारीचं पण तेच, ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप नैसर्गिक, पण माणसं बरीचशी दगडमातीच्या जड घरांखाली गेली, म्हणजे पुन्हा घर कुणी बांधलं. पाडसाच्या गोष्टीत माणूस नाही, बघणारा नाही, कुणी त्यातून काही शिकत नाही, पाडसाला स्वतःला तर शिकायला वेळच नाही. रो यांनी एकेक पळवाट बंद करून ते निवडलंय. मला हे कळायला पेन्सिलीचे दोन शेरे लागले.

म्हणून माझं मत (मतच आहे): सातातला एकच आक्षेप ठेवा, जो पाडसासमोर सुद्धा उभा राहतो. तो विकस्ट्रा यांचा, १९८४ चा. ते म्हणतात, रो काय करतात बघा, "पाडसाच्या दुःखामागे आम्हाला काही चांगलं दिसत नाही" यावरून "बहुधा काही नाहीच" असं जातात. ही उडी कधी चालते? दुधाच्या पातेल्यात डोकावून माशी दिसली नाही तर माशी नाही म्हणा, कारण असती तर दिसली असती. पण त्याच पातेल्यात जंतू दिसले नाहीत म्हणून जंतू नाहीत म्हणालात तर घरचे हसतील, कारण असते तरी डोळ्यांना दिसलेच नसते. आता ईश्वराची कारणं माशीसारखी की जंतूसारखी? अनंत ज्ञान आणि आपलं ज्ञान यात तान्ह्या बाळात आणि आईबापात असतं तितकं तरी अंतर असणार, मग ती कारणं आपल्याला दिसावीत ही अपेक्षाच का? बघा, हा आक्षेप ईश्वराची बाजू सिद्ध करत नाही, फक्त विधान एकचा आधार काढून घेतो. हे वाक्य पेपरमध्ये लिहाच, मार्क त्याला मिळतात.

तो लिहिताना समोरच्याला कमजोर करू नका, पूर्वपक्ष असा मांडा की वाचणाऱ्याला वाटावं आता हा हरला. मग उत्तर द्या. उत्तरं दोन प्रकारची प्रसिद्ध आहेत. एक म्हणजे, असं असेल तर विस्तवाकडे रांगणाऱ्या पोराला मी तरी का उचलावं, त्यातही दडलेलं काही चांगलं असेल. हे चटकदार आहे म्हणून सगळे हेच लिहितात, पण समोरचा म्हणू शकतो की माणसानं त्याला जे दिसतं त्यावर वागावं, ईश्वरानं त्याला जे दिसतं त्यावर, आणि मग तुम्हाला अजून दोन पानं भांडावं लागतं. अडीच हजारात ते बसत नाही.

मला दुसरं आवडतं, ते स्वतः रो यांचंच आहे आणि विकस्ट्रा यांच्याच उपमेतून निघतं. आईबापाची उपमा घेताय ना, मग पूर्ण घ्या. माझ्या भाचीला इंजेक्शनं द्यायची होती तेव्हा ती दीड वर्षाची, तिला कारण कळणं शक्यच नव्हतं. पण बहिणीनं तिला मांडीवर घट्ट धरलं होतं, सतत बोलत होती, सुई टोचली तेव्हा हिच्याच डोळ्यांत पाणी. कारण सांगता येत नाही तेव्हा आई निदान जवळ तरी असते. दुःखात असलेल्या कित्येकांना असं जवळ कुणी असल्याचं जाणवतच नाही, म्हणजे उपमा जितकी ताणाल तितकी ती विधान एकच्या बाजूनं साक्ष देते. यावर आस्तिक म्हणेल की जवळ नसण्यामागे पण कारण असेल. म्हणू दे, ते लिहा, पण मग दाखवा की आता उपमा सुटली, आणि हातात नुसतं "आपल्याला काही कळू शकत नाही" उरलं. तिथे थांबा.

कर्माचं काय, हे तुमच्या सातात असणारच. ब्रह्मसूत्रात (२.१.३४) हा प्रश्न आहेच, की ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरेल, आणि उत्तर असं की तो जीवांच्या कर्माला धरून फळ देतो. शंकराचार्य पावसाचा दृष्टांत देतात, पाऊस सगळ्यांवर सारखाच, भात उगवतो की जव ते बियाण्यावर. पाडसाला सुद्धा हे लागू पडतं म्हणून मोह होतो. पण मग लगेच विचारलं जाईल, ईश्वराला कर्माचा नियम मोडता येतो का? येत नसेल तर तुम्ही 'सर्वशक्तिमान' शब्द बदललात, येत असेल तर मोडत का नाही हा प्रश्न परत दारात. शिवाय पहिलं कर्म कुठून आलं, त्यावर पुढचंच सूत्र संसार अनादि म्हणतं. हा वेगळा पेपर आहे हो. एका परिच्छेदात कोंबू नका, मी कोंबला होता.

शब्दांबद्दल एक बारीक गोष्ट. दुरित किंवा अनिष्ट, एकच धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा. 'पाप' अजिबात नको, भूकंपाला पाप म्हटलं की तुम्ही नकळत कुणाला तरी दोषी ठरवून बसता.

वाटणी साधारण अशी करा: युक्तिवाद आणि पाडस सहाशे, विकस्ट्रा सहाशे, उत्तर आणि त्यावरचं प्रत्युत्तर आठशे, बाकी सुरुवात-शेवट. शेवटी "म्हणून ईश्वर नाही" लिहू नका, तुमची विधानं तेवढं वजन उचलत नाहीत. "म्हणून विधान एक मानायला अजूनही चांगलं कारण आहे" एवढंच लिहा. आणि मत उलट असेल तर उलट बाजूनं लिहा, तोही रस्ता आहे, रो स्वतः सांगतात की आस्तिक मागून सुरुवात करू शकतो: ईश्वर आहे, दोन मान्य, म्हणून एक खोटं. फक्त मग ईश्वर आहे हे मानायचं कारण तुम्हाला द्यावं लागेल.

सातही आक्षेप आकड्यांसकट इथे टाका, शनिवारी बँकेतून आल्यावर बघून सांगतो. दुसरा-चौथा सोडून, तेव्हा मी झोपतो.