पोर्टफोलिओ नको, २बीची जुळवणी दाखवा

प्रश्न: नागपुरात खासगी ऑफिसात आठ वर्षं एक्सेलवरच काम करतोय. फ्रीलान्स कामं घ्यायची आहेत, पण दाखवायला पोर्टफोलिओ नाही. पहिला क्लायंट कसा मिळेल?

“एक्सेल येतं” हे कोणी विकत घेत नाही. तारखेवर अडलेलं काम सोडवून दिलं तर घेतात. असं एक काम इतवारी-गांधीबागेतल्या व्यापाऱ्यांकडे दर महिन्याला असतं: जीएसटीआर-२बीशी खरेदीच्या नोंदी जुळवणं. २बी म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची जीएसटी पोर्टलवरची यादी. ती १४ तारखेला येते आणि महिन्याचं ३बी रिटर्न २० पर्यंत भरायचं असतं. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराचं बिल २बीत दिसल्याशिवाय त्यावरच्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, घेता येत नाही. म्हणजे कर सल्लागाराच्या हातात सहा दिवस आणि समोर पंचवीस-तीस व्यापाऱ्यांच्या फायली. तुमचा क्लायंट व्यापारी नाही, हा सल्लागार आहे.

त्याच्याकडे १४ ते २० मध्ये जाऊ नका, बोलायलाही फुरसत नसते. २१ नंतर जा. एकाच व्यापाऱ्याचं, एकाच महिन्याचं काम मागा: टॅलीतून काढलेलं खरेदी रजिस्टर आणि २बीची एक्सेल फाईल. पोर्टलचा पासवर्ड मागू नका, दिला तरी घेऊ नका.

२बीच्या `B2B` शीटवर डोक्याशी मर्ज केलेल्या ओळी असतात, त्या आधी काढा. मग दोन्ही शीट एकाच फाईलमध्ये घ्या आणि २बीच्या शीटला `2B` नाव द्या. दोन्हीवर A मध्ये जीएसटी नंबर, B मध्ये बिल नंबर, D मध्ये एकूण कर अशी मांडणी करा आणि E मध्ये दोन्ही नंबर जोडून किल्ली बनवा:

```
=UPPER(TRIM(A2))&"|"&SUBSTITUTE(SUBSTITUTE(UPPER(TRIM(B2)),"/",""),"-","")
```

नुसत्या बिल नंबरावर जुळवणारे इथेच फसतात, कारण ४५ नंबरचं बिल दहा पुरवठादारांकडे असतं. खरेदीच्या शीटवर F मध्ये फरक काढा:

```
=SUMIFS(D:D,E:E,E2)-SUMIFS('2B'!D:D,'2B'!E:E,E2)
```

व्हीलूकअप इथे नको. एका बिलात दोन दरांचा माल असला तर रजिस्टरमध्ये कधी दोन ओळी पडतात, आणि व्हीलूकअप पहिली ओळ सापडली की थांबतं. रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा, तो सोडा. फरक पूर्ण कराएवढा आला तर बिल २बीत नाही, किंवा नंबर वेगळा लिहिलाय: एकीकडे ०४५, दुसरीकडे ४५. कधी ३-१२ असा नंबर टाइप करताना एक्सेलने त्याची तारीखच केलेली असते. म्हणून न जुळलेल्या ओळी जीएसटी नंबर आणि रकमेवर पुन्हा एकदा लावा, पण ही दुसरी जुळवणी डोळ्यांनी तपासा. किल्लीतून तिरप्या रेघा काढल्याने १/१२ आणि ११/२ एकच होतात, तेही बघा. क्रेडिट नोटा `B2B-CDNR` या वेगळ्या शीटवर असतात. त्या वजा चिन्हाने घेतल्या नाहीत तर एकूण बेरीज कधीच बसणार नाही.

सल्लागाराला तुमची फॉर्म्युल्यांची शीट बघायची नसते. त्याला एक पान द्या: कोणत्या पुरवठादाराची किती बिलं आली नाहीत आणि त्यात किती कर अडकलाय. मोठी रक्कम वर, म्हणजे फोन कोणाला आधी लावायचा ते कळतं. २बीत आहे पण वहीत नाही अशी बिलं त्याखाली. समजा २०० बिलांपैकी १४ सापडली नाहीत आणि त्यांतली ९ एकाच पुरवठादाराची निघाली, तर तो तिमाही रिटर्न भरणारा आहे का ते विचारा. त्याची बिलं पुढे दिसू शकतात. म्हणून ही १४ ची यादी जपून ठेवा आणि पुढच्या २बीला पुन्हा लावा. दुसऱ्या महिन्याचं काम तुम्हालाच मिळतं ते या यादीमुळे. ती नव्या माणसाकडे नसते.

पहिली फाईल फुकट करू नका. थोडे का होईना पैसे घ्या आणि किती तास लागले ते लिहून ठेवा. पुढचा दर बिलांच्या संख्येवर ठरवा, कारण दुसऱ्या महिन्यापासून वेळ निम्म्याहून कमी लागतो आणि तासावर दर लावला तर तुमचंच नुकसान. आधी मॅक्रो शिका, मग पॉवर बीआय, मग तीन सर्टिफिकेटं, मग क्लायंट, असं सांगणाऱ्यांशी माझं कधी पटलं नाही. वर दिलेले दोन फॉर्म्युले तुम्हाला आजच येतात. सल्लागाराने नमुना मागितलाच तर बनावट नावं-नंबर टाकून ५० बिलांची फाईल करा. ऑफिसातली फाईल नावं खोडून दाखवणं हा मूर्खपणा आहे. तुमच्या डेटाचंही उद्या हेच होईल, हे समोरच्याला लगेच कळतं.

हां, नव्या टॅलीत २बी जुळवायची सोय आहे. ज्याच्याकडे ती नीट चालते तो तुम्हाला काम देणार नाही, तिथे वेळ घालवू नका. कोणतं क्रेडिट घ्यायचं हे सल्लागार ठरवेल, तुम्ही फक्त यादी द्यायची. आणि नोकरीच्या करारात बाहेरची कामं चालतात का ते आधी वाचा. ऑफिसचा लॅपटॉप तर या कामाला उघडूच नका.