परका, अनोळखी की अतिथी?

प्रश्न: "मुलगी सहावीत आहे, शाळेत सर्वधर्म मेळाव्यात तिला दोन मिनिटं बोलायचंय. विषय इंग्रजीतून आलाय, त्याचं मी 'अनोळखी व्यक्तींप्रती दयाळूपणा' असं केलं पण ते फार सरकारी वाटतंय. स्ट्रेंजरला अतिथी म्हटलं तर चालेल का? आगंतुक? आणि दयाळूपणाला काय म्हणू?"

अतिथी नको आणि आगंतुक तर अजिबातच नको. आगंतुकचा मूळ अर्थ नुसता 'आलेला' एवढाच असला तरी आज मराठीत तो न बोलावता टपकलेला माणूस झालाय. मी भाच्याच्या भाषणात एकदा 'आगंतुकांवर दया करा' असं लिहून दिलं होतं, पहिल्या रांगेतल्या बाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. तेव्हापासून भाचा माझ्याकडून काही लिहून घेत नाही.

अतिथीची अडचण वेगळी आहे. जुन्या ग्रंथांत त्याची व्याख्या चांगलीच आखडती आहे. मनुस्मृतीत (३.१०२) एक रात्र राहतो तो अतिथी, त्याचं राहणं नित्य नाही म्हणून अतिथी, अशी फोड दिलीय (तिथे तो ब्राह्मण असंही धरलंय, ते मुलीला सांगू नका हवं तर, पण तुम्हाला माहीत असू दे). 'तिथी न ठरवता येतो तो' ही आपण शाळेत पाठ केलेली फोड, आणि भाषाशास्त्रवाले अत् म्हणजे भटकणं या धातूकडे बोट दाखवतात. कुठूनही बघा, अतिथी म्हणजे दारात आलेला आणि उद्या जाणारा. बस स्टॉपवर शेजारी उभा असलेला माणूस यात बसत नाही.

मग अनोळखी? अर्थ बरोबर आहे, पण सहावीतल्या मुलांच्या कानात हा शब्द 'अनोळखी माणसाशी बोलू नको, चॉकलेट घेऊ नको' असाच बसलेला असतो, आणि ते बरोबरच शिकवलेलं असतं. त्याच मुलांसमोर 'अनोळखी माणसांशी प्रेमाने वागा' म्हटलं की गोंधळ. शिवाय अनोळखी म्हणजे फक्त ओळख नाही असा, एकदा नाव विचारलं की संपलं. काही माणसं मात्र दहा वर्षं त्याच गल्लीत राहतात, सगळे त्यांना नावाने ओळखतात आणि तरी ती आपल्यातली होत नाहीत. त्यांना मराठीत शब्द आहे परका. माझं मत परक्याला.

गंमत म्हणजे धर्मग्रंथ बघायला लागलं की कळतं, प्रत्येकाच्या डोळ्यासमोरचा परका वेगळा आहे, आणि भाषणात खरी मजा इथेच आहे. ज्यूंच्या तोरा या धर्मग्रंथात हिब्रू शब्द आहे 'गेर'. हा पाहुणा नाही, तो दुसऱ्या लोकांत येऊन राहिलेला, ज्याची तिथे जमीन नाही, भाऊबंद नाहीत असा माणूस. त्यातल्याच लेवीय १९:३४ मध्ये सांगितलंय की त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करा, कारण मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, तुम्हीही असेच होता. येशूच्या तोंडी मत्तय २५:३५ मध्ये 'परका होतो तेव्हा मला घरात घेतले' असं येतं, मराठी बायबलात इथे परकाच वापरलाय. कुराणात (४:३६) नात्यातल्या शेजाऱ्यानंतर परक्या शेजाऱ्याचा वेगळा उल्लेख आहे आणि पुढे 'इब्न अस-सबील', शब्दशः रस्त्याचा लेक, म्हणजे आपला वाटसरू. जकात, म्हणजे मुसलमानांवर बंधनकारक असलेलं दान, ज्यांना देता येते अशा आठ प्रकारच्या लोकांतही (९:६०) तो आहे, आणि घरी पैसेवाला असून वाटेत अडकला, खिसा रिकामा झाला तरी त्याला ती मिळू शकते. म्हणजे एकाचा परका एका रात्रीचा, एकाचा प्रवासात अडकलेला आणि एकाचा कायमचा शेजारी.

जाता जाता, आपला गरीब हा शब्द. अरबीत 'ग़रीब' म्हणजे परका, विचित्र वाटणारा. घरापासून लांब पडलेला माणूस बहुतेक वेळा कफल्लकच असणार, म्हणून फारसी-उर्दूतून इकडे येईपर्यंत अर्थ निर्धन झाला, आणि आपण तर त्याच्यापुढे जाऊन 'गरीब गाय' केली. 'अजीबोगरीब'मध्ये मात्र जुना अर्थ अजून शिल्लक आहे.

आता दयाळूपणा. दया वरून खाली जाते, 'मला कुणाची दया नको' असं आपण रागाने म्हणतो ते उगाच नाही. परका शब्द घेतलात तर जोडीला आपुलकी घ्या. आपुला, त्याची आपुलकी, परक्याच्या बरोबर उलट, आणि तुकोबांचं 'जे का रंजले गांजले, त्यासि म्हणे जो आपुले' आपोआप जवळ येतं. विषयाचं नाव 'परक्यांशी आपुलकी' ठेवा, संपलं. सगळ्या धर्मांना कोंबायला जाऊ नका, दोन मिनिटांत तीन-चारच नीट होतात. साधारण असं:

"आमच्या आजोबांच्या गावी, कोल्हापूरकडे, एसटीतून कुणी नवा माणूस उतरला की लोक विचारतात, काय पाव्हणं, कुठलं गाव? त्याचं नाव माहीत नसतं, पण त्याला पाव्हणं म्हणून टाकतात. तैत्तिरीय उपनिषदात सांगितलंय, राहायला आलेल्या कुणालाही नाही म्हणू नये, हे व्रत आहे. ज्यूंचा तोरा म्हणतो, परक्यावर प्रेम करा, कारण तुम्हीही कधी परके होतात. कुराणात वाटसरूला रस्त्याचा लेक म्हटलंय, आणि लेकाला कुणी उपाशी ठेवतं का? बौद्धांच्या मेत्तसुत्तात पाहिलेले आणि न पाहिलेले, जवळ राहणारे आणि लांब राहणारे, सगळे सुखी होवोत असं म्हटलंय. आणि शिखांचे गुरू अर्जनदेव म्हणतात, ना को बैरी नही बिगाना. बिगाना म्हणजे परका. कुणी वैरी नाही, कुणी परका नाही. आमच्या वर्गात जूनमध्ये एक मुलगा आला, त्याला मराठी येत नव्हतं. पहिले आठ दिवस तो डबा एकटाच खायचा. नवव्या दिवशी आम्ही बेंच सरकवला."

शेवटचा नव्या मुलाचा किस्सा तुमच्या मुलीच्या वर्गात खरंच घडलेल्या गोष्टीने बदला, नाहीतर मुलं लगेच म्हणतील, असा कोण मुलगा आलाय आपल्याकडे. जैनांचं अतिथिसंविभाग व्रत मी मुद्दाम घेतलं नाही, त्यातला अतिथी मुख्यतः साधू-साध्वी असतात, रस्त्यावरचा कुणीही नाही.

आणि तिने 'अतिथिदेवो भव' घ्यायचाच हट्ट धरला तर एक सांगा. हे 'अतिथी... देवो भव' असं तोडून म्हणायचं नाही. अतिथिदेव हा एकच सामासिक शब्द आहे, बहुव्रीही, अर्थ 'ज्याचा देव अतिथी आहे असा तू हो'. पाहुणा देव आहे असं पाहुण्याबद्दलचं ते विधान नाही, शिक्षण संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्यांनी केलेली ती सूचना आहे. म्हणून थि ऱ्हस्व, मध्ये जागा नाही, आणि बोलताना श्वास 'देवो'नंतर.