आमचं तीनदा ब्रेकअप झालं आणि तीनदा पॅचअप. भांडण मात्र दर वेळी तेच. मग आम्ही परत का येतो?

आमचं चारदा झालं, म्हणून लिहिते.

भांडणाचा विषय एकच होता. त्याने घरी माझ्याबद्दल सांगितलं नव्हतं. दिवाळीला तो नाशिकला गेला की आई एखादं स्थळ काढायची, हा मुकाट्याने फोटो बघायचा आणि पुण्यात आल्यावर मला ते कळायचं. मग रडारड, ब्लॉक. दहा-बारा दिवसांनी मेसेज यायचा, ‘तुझा चार्जर माझ्याकडे राहिलाय.’ चार्जर घ्यायला म्हणून भेटायचो आणि दुसऱ्या चहापर्यंत सगळं गोड झालेलं असायचं.

त्या चहाच्या टेबलावर नाशिकचं नाव कुणीच काढायचं नाही. इतक्या दिवसांनी भेटलोय, आता कशाला तो विषय! खरी मेख इथेच आहे. त्या दहा-बारा दिवसांत जे दुखत होतं ते विरहाचं होतं आणि ते भेटल्याबरोबर थांबलं. हायसं वाटलं, म्हणून प्रश्न सुटला असं आम्ही धरून चाललो. मुळात जो प्रश्न होता त्याला तर कुणी हातही लावला नव्हता.

अमेरिकेत नात्यांवर संशोधन करणाऱ्या रेने डेली यांनी अशा तुटून पुन्हा जुळणाऱ्या जोडप्यांवर बराच अभ्यास केलाय. त्यांनी विचारलेल्या कॉलेजच्या मुलामुलींपैकी साधारण दोन तृतीयांश जणांनी हा प्रकार कधी ना कधी अनुभवला होता. परतण्याचं नेहमीचं कारण काय, तर जीव अजून अडकलेला असतो. त्यामुळे स्वतःला मूर्ख समजू नका.

शिवाय पॅचअपनंतरचे दोन-तीन आठवडे फार सुंदर जायचे. एरवी फोन न उचलणारा माणूस ऑफिसखाली न्यायला यायचा. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांच्या प्रयोगांत दिसलं होतं की बटण टोचल्यावर दाणा दर वेळी मिळाला आणि मग बंद झाला, तर कबुतर लवकर टोचणं सोडतं. कधी मिळाला, कधी नाही असं असेल तर बराच वेळ टोचत राहतं. माझी गत त्या कबुतरासारखीच झाली होती.

सगळेच परतणारे असे फसत नाहीत. एक मैत्रीण नवऱ्याच्या बदलीमुळे लग्नाआधी त्याच्यापासून तुटली होती. त्याने पुण्यात नोकरी घेतली, मग ती परतली. तिथे कारणच गेलं होतं. (मारहाण किंवा धमक्या असतील तर मात्र गोष्ट वेगळी, तिथे हा हिशोब करत बसू नका.)

चौथ्या वेळी चहा यायच्या आधीच मी विचारलं, ‘घरी कधी सांगणार? तारीख सांग.’ तो म्हणाला, ‘योग्य वेळ आली की.’ रात्री मी आमच्या व्हॉट्सॲप चॅटमध्ये ‘योग्य वेळ’ शोधलं. अकरा मेसेज निघाले, पहिला तीन वर्षांपूर्वीचा.

चार्जर मी नवीन घेतला.